लवकर बरा हो, पण घाई नको

हाय निखिल,

सकाळचा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ‘रविवारचं जमणार नाही’ मधला ‘नाही’ ऐकूच आला नाही, तिथे नुसती हवा होती! म्हणून फोन न करता लिहितेय. हे एका दमात वाचायचं नाही आणि उत्तराचीही घाई नाही. वाचलंस की एक अंगठा पाठव, तोही जमला तर.

आधी रविवारचं. त्याची रुखरुख अजिबात नको. ती बुद्धिबळाची स्पर्धा पुढच्या महिन्यातही आहे. तेव्हा तू ठणठणीत असलास आणि यावंसं वाटलं तर जाऊ. नाहीतर त्यानंतरच्या महिन्यात.

तुझी ताई घरी आहे म्हणालास ते ऐकून बरं वाटलं. त्यामुळे ‘ताप किती, जेवलास का’ असं दर तासाला मी विचारणार नाही. पण माझं रोजचं काम औषधांचं, त्यामुळे चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐक.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापाच्या गोळीबरोबर सर्दीची गोळी घेत असशील, तर दोन्ही स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं एकदा वाच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, आणि नकळत दुप्पट डोस होतो. तो पोटात गेल्यावर लगेच काही जाणवत नाही, त्रास नंतर यकृताला होतो. तापाची गोळी 500 ची आहे की 650 ची तेही बघ, दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ दे, आणि 24 तासांत सगळं मिळून 4 ग्रॅमच्या वर कधीच नको. किती वाजता घेतली ते स्ट्रिपवरच पेनाने लिहून ठेव. तापात वेळेचं भान राहत नाही.

घशासाठी एक कप कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कर. कढत पाणी नको, आधीच सुजलेला घसा आणखी भाजतो. आणि कुजबुजत बोलू नकोस. त्याने आवाजाला आराम मिळतो असं वाटतं, पण बऱ्याचदा ताण वाढतो. त्यापेक्षा गप्प राहा, नाहीतर खुणा कर.

जेवण जात नसेल आणि घाम येत असेल तर ओआरएस चांगलं. फक्त पाकिटावरचं माप बघ. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात ढवळलं की ते फार तीव्र होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. केलेलं पाणी 24 तासांनंतर टाकून दे. घोट घोट प्यायचं, गटागटा नाही.

फ्लूचा ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो. तेव्हा पाचव्या दिवशी जिना चढताना दम लागला तर लगेच धास्तावू नकोस. मात्र बसल्या जागी श्वास घ्यायला त्रास झाला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा. झालं, औषधांचा विषय संपला!

आता कंटाळ्याचं औषध. तुला कोडी आवडतात म्हणून एक देते. बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर कमीत कमी किती वजीर ठेवले म्हणजे प्रत्येक घर एकतर व्यापलेलं असेल, नाहीतर माऱ्यात येईल? उत्तर पाच. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे डोक्याला उगाच ताण नको. ते पाच कुठे ठेवायचे, हे तू शोध. उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे चुकीचं वाटलं तरी एकदा मोजून बघ.

मोबाइलकडे बघवत नसेल तर हे सगळं राहू दे. झोप काढ, ती कोड्यापेक्षा जास्त उपयोगाची.

काही आणून हवं असेल तर एका शब्दाचा मेसेज पुरे: ‘गोळ्या’, ‘ओआरएस’, ‘पुस्तक’, जे हवं ते. मी वर येणार नाही, खाली गेटवर ठेवून जाईन आणि ताईंना कळवायचं की तुला, ते तू सांग. काही नको असेल तर ‘नको’ म्हण, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

आणि एक डाव सुरू करून ठेवते. पांढऱ्या माझ्या. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. घड्याळ लावलेलं नाही, तुझी चाल उद्या आली काय किंवा पुढच्या आठवड्यात आली काय, चालेल.

मृणाल