विषय: एम.एस्सी. प्रवेश – अनामत रकमेची मुदत आणि कागदपत्रे

माननीय प्रवेश कार्यालय,

सप्टेंबर 2026 च्या एम.एस्सी. डेटा सायन्ससाठी आपले सशर्त प्रवेशपत्र मिळाले, मनापासून आभार.

अनामत रक्कम भरण्याची शेवटची तारीख कोणती? शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, पण आपले फीचे पत्र पाहिल्याशिवाय बँक हप्ता सोडणार नाही. ते पत्र कृपया लवकर पाठवावे. रक्कम जमा झाल्याशिवाय कॅस नाही आणि कॅसशिवाय व्हिसाचा अर्ज नाही, म्हणून ही घाई.

मुंबई विद्यापीठाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका माझ्याकडे आहेत, पदवी प्रमाणपत्र मात्र दीक्षान्त समारंभानंतरच मिळेल. तोवर तात्पुरते प्रमाणपत्र चालेल का? क्षयरोग तपासणीचा दाखला आपल्यालाही पाठवायचा, की फक्त व्हिसासाठी लागेल?

आपली नम्र,
सायली
नेरूळ, नवी मुंबई