मलेरिया आणि हुकवर्म: जीवनचक्राच्या आकृत्या आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्र प्रात्यक्षिक, द्वितीय वर्ष एमबीबीएस, पुणे. दोन्ही आकृत्या जर्नलच्या कोऱ्या पानावर, एचबी पेन्सिलने काढायच्या. लेबलंही पेन्सिलनेच, सगळी उजवीकडे, पट्टीने ओढलेल्या आडव्या रेषांवर लिहायची. लेबलच्या रेषेला बाणाचं टोक काढू नका. बाण म्हणजे परजीवीची अवस्था किंवा जागा बदलली, एवढाच या पानावर अर्थ. बाण कुठून कुठे जातो ते कळलं की तोंडी परीक्षेतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आकृती 1: प्लास्मोडियम

पानाच्या वरच्या एक तृतीयांशावर आडवी तुटक रेषा मारा. रेषेच्या वर डास, खाली माणूस. खालच्या भागात डावीकडे यकृत, उजवीकडे रक्त. तुटक रेषा ओलांडणारे बाण फक्त दोन: स्पोरोझॉइट खाली येतो, गॅमेटोसाइट वर जातो. तिसरा बाण दिसला तर आकृती चुकली.

डासात, अ‍ॅनॉफिलीस मादी:
गॅमेटोसाइट → मायक्रोगॅमीट आणि मॅक्रोगॅमीट → झायगोट → ऊकिनेट → जठराच्या भिंतीवर ऊसिस्ट → स्पोरोझॉइट → लाळग्रंथी

यकृतात:
स्पोरोझॉइट → यकृतपेशीतला शायझोंट → मेरोझॉइट
फक्त व्हायव्हॅक्स आणि ओव्हेलमध्ये: स्पोरोझॉइट → हिप्नोझॉइट

रक्तात:
मेरोझॉइट → रिंग → वाढता ट्रोफोझॉइट → शायझोंट → तांबडी पेशी फुटते → मेरोझॉइट पुन्हा नव्या पेशीत
काही मेरोझॉइटपासून: नर आणि मादी गॅमेटोसाइट

बाजूला मापं लिहा. व्हायव्हॅक्सचा यकृतातला काळ सुमारे 8 दिवस, फाल्सिपॅरमचा 6. रक्तातलं चक्र दोघांचंही 48 तासांचं, मलेरियीचं 72 तासांचं.

खाली दोन तांबड्या पेशी मोठ्या करून काढा, कारण स्पॉटिंगला विचारतात त्याच. साध्या पेशीचा व्यास 3 सेंटीमीटर धरा. व्हायव्हॅक्सने ग्रासलेली पेशी फुगते, म्हणून ती 4 सेंटीमीटरची, आत शुफनरचे ठिपके, आणि रिंग 1 सेंटीमीटरच्या आसपास. फाल्सिपॅरममध्ये पेशी 3 सेंटीमीटरचीच राहते. रिंग अर्ध्या सेंटीमीटरची, नाजूक, काठाला चिकटलेली, एका पेशीत दोन-तीन, कधी एका रिंगला क्रोमॅटिनचे दोन ठिपके. फाल्सिपॅरमचा गॅमेटोसाइट केळ्यासारखा आणि पेशीच्या व्यासाच्या दीडपट लांब, म्हणजे साडेचार सेंटीमीटर. पेशीची फिकट किनार त्याच्या पोटाशी दिसली पाहिजे. नुसतं केळं काढलं तर ते हवेत तरंगतं.

रंग: क्रोमॅटिन लाल, सायटोप्लाझम निळा, रंगद्रव्य तपकिरी. दरवर्षी पाच-सहा जर्नलांत पहिले दोन उलटे असतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फाल्सिपॅरमचा शायझोंट बोटाच्या रक्ताच्या चित्रात काढणं. तो खोल अवयवांच्या केशवाहिन्यांत अडकून राहतो. त्यामुळे स्मिअरमध्ये सहसा रिंग आणि गॅमेटोसाइट एवढंच दिसतं. शायझोंट दिसलेच तर रुग्ण गंभीर असल्याची शंका घ्यायची.

आकृती 2: हुकवर्म

इथे यजमान एकच, माणूस. म्हणून आडवी रेषा नको. पान उभं दुभागा: डावीकडे माती, उजवीकडे माणूस.

मातीत:
विष्ठेतलं अंडं → 1 ते 2 दिवसांत रॅब्डिटिफॉर्म अळी → दोनदा कात टाकून → साधारण 8 ते 10 दिवसांत फायलेरिफॉर्म अळी

माणसात:
पायाची त्वचा → रक्तवाहिनी → हृदयाची उजवी बाजू → फुप्फुस → वायुकोश → श्वासनळी → घसा → गिळली जाते → लहान आतडं → प्रौढ कृमी → अंडं

अंडं 60 बाय 40 मायक्रोमीटर. ते 6 बाय 4 सेंटीमीटर काढलंत तर हजारपट होतं, तसं खाली लिहा. आत चार पेशी, आणि पेशी व कवच यांच्यात मोकळी जागा. कवच एकाच बारीक रेषेचं. जाड दुहेरी रेषा काढली की परीक्षक अ‍ॅस्कॅरिस म्हणतो. तपकिरी रंगही देऊ नका, हे अंडं पित्ताने रंगत नाही.

अळ्या शेजारी-शेजारी काढा. रॅब्डिटिफॉर्म आखूड, तोंड उघडं, अन्ननलिकेला खालच्या टोकाशी फुगा. फायलेरिफॉर्म दुपटीहून लांब, तोंड बंद, शेपूट टोकदार, अंगावर आवरण.

प्रौढ कृमीचं फक्त तोंड काढा. अँकायलोस्टोमाला दातांच्या दोन जोड्या, नेकॅटरला दातांऐवजी धारदार पट्ट्या. नराच्या शेपटाकडे छत्रीसारखा बर्सा.

तोंडी परीक्षा

*मलेरियात निर्णायक यजमान कोण?* डास, कारण लैंगिक चक्र त्याच्यात पूर्ण होतं. माणूस मध्यस्थ. घाईत हे उलटं सांगणारे बरेच.

*माणसाला आणि डासाला संसर्ग करणाऱ्या अवस्था?* माणसाला स्पोरोझॉइट, डासाला गॅमेटोसाइट. आकृतीतले ते दोन बाण.

*रक्त दिल्यामुळे मलेरिया झाला तर प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स का लागत नाही?* बाटलीतून रक्तातल्या अवस्था आल्या, स्पोरोझॉइट आले नाहीत. यकृतात काही गेलंच नाही, म्हणून हिप्नोझॉइट नाही आणि उलटणंही नाही. इथे बहुतेक जण अडखळतात. आकृतीत यकृतावर बोट ठेवून उत्तर द्या.

*व्हायव्हॅक्समध्ये हा कोर्स देण्याआधी काय तपासाल?* जी-सिक्स-पीडी. कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटतात. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत.

*जाड थेंब मिथेनॉलने फिक्स केला तर?* हिमोग्लोबिन धुऊन जात नाही, लाल थरात परजीवी शोधता येत नाही. पातळ स्मिअर मात्र फिक्स करायचाच. लिशमन स्टेनमध्ये मिथेनॉल असतोच, तिथे वेगळं करावं लागत नाही. बफरचा पीएच 7.2 ठेवा. आम्लाकडे झुकला तर शुफनरचे ठिपके उठत नाहीत.

*पुण्यासारख्या शहरात कोणता डास?* अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेलं पाणी ही त्याची जागा.

*रोनाल्ड रॉसने काय पाहिलं?* 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत अ‍ॅनॉफिलीसच्या जठराच्या भिंतीवर ऊसिस्ट. परजीवी माणसाच्या रक्तात आधी पाहिला तो लॅव्हरानने, 1880 मध्ये.

*मुळशीकडची चाळिशीतली बाई, शेतात अनवाणी काम, हिमोग्लोबिन 6, तांबड्या पेशी लहान आणि फिकट. पुढे काय?* विष्ठेची तपासणी, कारण हुकवर्मचा संशय. एक अँकायलोस्टोमा दिवसाला 0.15 ते 0.2 मिलिलिटर रक्त घालवतो, नेकॅटर सुमारे 0.03. लोहाची कमतरता त्यातूनच. अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम एकदा, आणि लोहाच्या गोळ्या. नुसतं जंताचं औषध देऊन हिमोग्लोबिन वर येत नाही.

*अंडं मिठाच्या संपृक्त द्रावणात का तरंगतं?* द्रावणाचं विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.2, अंड्याचं त्याहून कमी. टीनियाचं अंडं आणि अ‍ॅस्कॅरिसचं अफलित अंडं तरंगत नाहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेला.

*नमुना रात्रभर टेबलावर राहिला, सकाळी अळ्या दिसतात. निदान?* स्ट्राँगिलॉइडिस असं लगेच म्हणू नका. हुकवर्मचीही अंडी तेवढ्या वेळात फुटतात. रॅब्डिटिफॉर्मचं तोंड पाहा: मुखपोकळी लांब असेल तर हुकवर्म, आखूड असेल तर स्ट्राँगिलॉइडिस. खात्री नसेल तर ताजा नमुना मागवा.