कुरकुरीपासून क्रोधापर्यंत: रागाच्या शब्दांची चढण

निवेदने, तक्रार अर्ज आणि बातम्या लिहिणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे टिपण. क्रम सौम्यापासून तीव्राकडे आहे:

कुरकुर – वैताग – चिडचिड – नाराजी – राग – चीड – रोष – संताप – क्षोभ – क्रोध

शेजारशेजारच्या दोन शब्दांत थोडे मागेपुढे होऊ शकते. चीड आधी की रोष आधी, यावर वाद घालता येईल. कुरकुर आणि क्रोध यांच्या जागा मात्र पक्क्या.

कुरकुर, वैताग, चिडचिड. कुरकुर तोंडातल्या तोंडात होते. तिच्यातून काही घडावे अशी करणाऱ्याचीही फारशी अपेक्षा नसते. वैताग साचत जातो आणि तो अमुक एका माणसावर असेलच असे नाही: परिस्थितीचा वैताग येतो, माणसावर वैतागतो. चिडचिडीचे कारण बहुधा क्षुल्लक असते आणि ती भलत्याच माणसावर निघते. अर्जात ‘आमची चिडचिड होते’ असे लिहिले, तर वाचणारा तक्रार सोडून तुमच्या स्वभावाकडे बघू लागतो. औपचारिक लेखनात तिन्ही नकोत. ‘गैरसोय’ आणि ‘मनस्ताप’ हे शब्द तिथे चालतात, कारण ते झालेला त्रास सांगतात.

नाराजी. औपचारिक मराठीचा सगळ्यात कामाचा शब्द. अपेक्षा होती आणि ती पुरी झाली नाही, एवढे तो आवाज न चढवता सांगतो. ती ‘व्यक्त’ करता येते, ‘नोंदवता’ येते आणि ‘तीव्र’ हे विशेषण लावून वाढवताही येते. ‘तीन स्मरणपत्रे देऊनही उत्तर आले नाही, याबद्दल सभासदांनी तीव्र नाराजी व्यक्त केली’ हे वाक्य इतिवृत्तात शोभते. तिथे ‘सभासद भडकले’ लिहिले की इतिवृत्ताचा किस्सा होतो. ‘इतराजी’ आणि ‘खप्पा मर्जी’ हे तिचे जुने नातलग वरिष्ठाकडून कनिष्ठावर होतात. आज ते बहुधा थट्टेतच शोभतात. रुसवा मात्र या चढणीवर नाहीच. समजूत काढायला कुणी येईल याची खात्री असेल, तरच माणूस रुसतो.

राग, चीड. ‘मला त्यांचा राग आला’ हा क्षण झाला. ‘माझा त्यांच्यावर राग आहे’ हे मुक्कामाला आलेले काहीतरी. राग कशाचाही येऊ शकतो, अगदी स्वतःचाही. चीड यायला बहुधा काहीतरी अन्याय्य किंवा लबाडीचे दिसावे लागते. म्हणून लेखात, अग्रलेखात चीड चांगली वाटते: ‘या ढोंगाची चीड येते’. कार्यालयीन पत्रात दोन्ही टाळावेत.

रोष, संताप, क्षोभ. रोष ज्याच्यावर होतो, त्याच्या बाजूनेही तो सांगता येतो: रोष पत्करावा लागतो, ओढवून घेतला जातो. त्यामुळे ‘या निर्णयाने ग्राहकांचा रोष ओढवेल’ हा इशारा पत्रात सभ्य राहूनही टोचतो. संताप माणसाला आतून तापवतो, पण त्याच्यामागे कारण आहे असे मराठी वाचक गृहीत धरतो. ‘सात्त्विक संताप’ म्हणतात, सात्त्विक चिडचिड कुणी म्हणत नाही. बातमीत ‘संतप्त’ चालतो, मात्र दर दुसऱ्या जमावाला ते विशेषण लावून आपण त्याची धार घालवली आहे. लोकांनी काय केले ते लिहावे, विशेषण बहुतेकदा गळून पडते. क्षोभ एकट्यादुकट्यापेक्षा समूहाला अधिक शोभतो, ‘जनक्षोभ’ म्हणून. खाली मान घालून सोसलेल्या असंतोषाला वाट फुटली की तो शब्द वापरावा, त्याआधी नाही.

क्रोध. षड्रिपूंपैकी एक, रौद्र रसाचा स्थायिभाव. दुर्वासाला क्रोध येतो, जमदग्नीला येतो. विभागप्रमुखाला आला असे लिहिले की वाचक हसतो. पुराणकथा, काव्य, तत्त्वचर्चा इथेच तो ठेवावा.

नुसते दिसणारे राग. त्रागा, थयथयाट, आदळआपट, आगपाखड हे शब्द रागाचे प्रदर्शन सांगतात आणि सांगताना त्या माणसाला नावेही ठेवतात. त्रागा करणारा स्वतःलाच त्रास करून घेतो. आगपाखड करणारा दुसऱ्यावर तुटून पडतो. ‘अध्यक्षांनी आगपाखड केली’ ही बातमी राहत नाही, ते मत होते. ‘अध्यक्षांनी कठोर शब्दांत टीका केली’ लिहावे आणि पुढे ते शब्द द्यावेत.

बोलण्यातली मजा वेगळीच: अंगाचा तिळपापड होतो, तळपायाची आग मस्तकात जाते, पारा चढतो, डोके सटकते. कथेतल्या संवादात यांना मोकळे सोडावे. ‘सटकली’ मात्र कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. सगळ्याच आजोबांना ते शोभणार नाही.

नमुन्यादाखल, एकच मजकूर दोन प्रकारे:

कच्चा: ‘तुमच्या ढिसाळ कारभाराचा आम्हाला भयंकर संताप आला आहे.’

सुधारलेला: ‘दुरुस्ती 15 दिवसांत करण्याचे आपण लेखी कळवले होते. आज 40 दिवस झाले, काम सुरू झालेले नाही. याबद्दल आम्ही तीव्र नाराजी नोंदवत आहोत.’