सूचना : बद्धकोष्ठता टाळण्यासाठी पाळावयाच्या रोजच्या सवयी

दिनांक ३ मार्च २०२५
सर्व निवासी आजी-आजोबांसाठी

उन्हाळा सुरू होत आहे आणि गेल्या काही आठवड्यांत आपल्यापैकी अनेकांनी शौचास साफ होत नसल्याची तक्रार सांगितली आहे. काहींनी ती आम्हाला न सांगता परस्पर चूर्ण मागवून घेतले, असेही लक्षात आले. म्हणून आपले भेट देणारे डॉक्टर, स्वयंपाकघर आणि परिचारिका यांनी एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. सोमवार, दिनांक १० मार्चपासून त्यांची अंमलबजावणी होईल. ही सूचना भोजनगृहात आणि दोन्ही मजल्यांवर लावली असून, ज्यांना वाचणे अवघड जाते त्यांना सेविका मावशी ती खोलीत येऊन वाचून दाखवतील.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रोज सकाळी शौचास झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. कोणाला दिवसातून दोन-तीनदा होते, कोणाला एक दिवसाआड होते आणि मल मऊ असून त्रास होत नसेल, तर दोन्ही ठीकच आहे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडे पडणे, फार कुंथावे लागणे किंवा जाऊन आल्यावरही पोट साफ झाले नाही असे वाटत राहणे, याला बद्धकोष्ठता म्हणतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. मोठे आतडे मलातील पाणी शोषून घेत असते. शरीरात पाणी कमी पडले की ते अधिक शोषले जाते आणि मल कोरडा व कडक होतो. वयानुसार तहान लागण्याची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘तहानच लागली नाही’ हे पाणी न पिण्याचे कारण होऊ शकत नाही. पण आमच्या पाहण्यात खरे कारण वेगळेच आहे. रात्री लघवीला उठावे लागेल, अंधारात पाय घसरेल, सोबतच्यांची झोपमोड होईल, या भीतीने आपल्यापैकी पुष्कळजण दुपारनंतर पाणी जवळजवळ सोडतात. ही भीती रास्त आहे; तिच्यावरचा उपाय मात्र पाणी तोडणे हा नव्हे, तर पाणी दिवसाच्या पहिल्या भागात जास्त पिणे हा आहे. दिवसभरात साधारण दोनशे मिलीचे सात ते आठ पेले पोटात जावेत आणि त्यांतले बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपावेत. त्यात पातळ वरण, सार, ताक, पेज आणि चहा हेही धरले जाते. उठल्यावर एक पेला कोमट पाणी, अकरा वाजता ताक आणि दुपारी तीन वाजता पाणी किंवा बिनसाखरेचे कोकम सरबत मावशी खोलीत आणून देतील; तेवढे त्यांच्यासमोरच प्यावे, ही विनंती. रात्रीसाठी खोलीपासून शौचालयापर्यंतचे दिवे आता सुरूच ठेवले जातील.

हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या औषधपत्रकावर पाण्याचे माप लिहून दिलेले आहे, त्यांनी वरील आकडा स्वतःसाठी धरू नये. त्यांनी आपले माप पाळावे आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आहारातील चोथा, म्हणजे तंतुमय भाग, मलाला आकार देतो आणि पाणी धरून ठेवतो. मैद्याची बिस्किटे, पाव, खारी आणि नुसता पांढरा भात यांत तो फार थोडा असतो, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर आपल्याकडे नेमके हेच पदार्थ घेतले जातात. यापुढे दुपारच्या जेवणात एक दिवसाआड ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी असेल, पोळ्यांचे पीठ न चाळता वापरले जाईल, मटकी-मुगाची मऊ शिजवलेली उसळ आठवड्यातून तीनदा होईल आणि चार वाजता बिस्किटांऐवजी पपई किंवा पिकलेला पेरू मिळेल. ज्यांची कवळी नीट बसत नाही किंवा दात नाहीत, त्यांनी चोथ्याचे पदार्थ टाळण्याचे कारण नाही. दुधी, लाल भोपळा, चिरून शिजवलेली पालेभाजी आणि ताकात कुस्करलेली भाकरी त्यांना सहज खाता येईल. कवळी टोचत असल्यास तेही सांगावे, कारण अनेकदा पोटाच्या तक्रारीचे मूळ तिथेच सापडते.

हा बदल आम्ही दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करणार आहोत, कारण चोथा एकदम वाढवला की पोट फुगते आणि गॅस होतो. मधुमेह असलेल्यांनी फळांचे प्रमाण परिचारिकांना विचारून ठरवावे. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण स्वतःहून एकाएकी वाढवू किंवा कमी करू नये. इसबगोल डॉक्टरांनी सांगितले असेल तरच घ्यावे, भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. ते कोरडे तोंडात टाकल्यास घशात अडकू शकते. घरून आलेली चूर्णे, एरंडेल, सोनामुखीच्या गोळ्या कृपया परिचारिकांना दाखवा. त्या जप्त केल्या जाणार नाहीत. तुमच्या इतर औषधांबरोबर त्या चालतात का, एवढेच पाहिले जाईल.

बसून राहिल्याने आतड्यांची हालचालही मंदावते. सकाळी पावणेसात वाजता अंगणात आणि संध्याकाळी साडेपाच वाजता आंब्याखाली चालणे होईल. ऊन वाढल्यावर सकाळची वेळ सव्वासहा केली जाईल. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे, आपापल्या वेगाने, बोलता येईल इतपतच चालावे. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांनी कठड्याच्या बाजूने, मावशींच्या सोबतीने, पट्ट्याची चप्पल घालून चालावे. ज्यांना चालता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून गुडघे आळीपाळीने पोटाकडे उचलावेत आणि कंबरेतून सावकाश डावी-उजवीकडे वळावे. अंथरुणाला खिळलेल्यांना मावशी कूस बदलून देतील व पायांची हालचाल करून देतील.

खाल्ल्यानंतर आतडी आपोआप जागी होतात. म्हणून नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी, जोर न करता, दहा मिनिटे शौचालयात बसण्याची सवय लावावी. कमोडवर बसताना पायाखाली बुटके स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा वर राहतात आणि मल सहज उतरतो. अशी स्टुले प्रत्येक शौचालयात ठेवली आहेत. उठताना पाय अडखळू नये म्हणून स्टूल आधी बाजूला सरकवावे आणि भिंतीचा कठडा धरावा. कुंथू नये, त्याने मूळव्याध वाढते आणि चक्करही येऊ शकते. वेग आला की आवरून धरू नये, मग भजन चालू असो की मालिका.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही मल कडक होतो. तशी शंका आल्यास गोळी स्वतःहून बंद न करता आम्हाला सांगावे.

मलात रक्त दिसणे, डांबरासारखा काळा मल होणे, पोट फुगून दुखणे, उलटी होणे, वारा सरणेही बंद होणे, वजन उतरणे किंवा नेहमीची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी घंटा वाजवावी. खूप दिवस खडा अडकून राहिला की त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि जुलाब झाल्यासारखे वाटते. तेव्हा जुलाब थांबवण्याची गोळी घेऊ नये. तीन दिवस शौचास झाले नाही, तर चौथ्या दिवसाची वाट न पाहता सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी परिचारिका प्रत्येकाला खोलीत येऊन एकांतात विचारतील आणि उत्तर फक्त आरोग्य नोंदवहीत लिहिले जाईल.

डॉक्टर दर मंगळवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरील तपासणी खोलीत भेटतील.

मुख्य परिचारिका व व्यवस्थापिका