पानशेतनंतरचे दिवस : आजीची मुलाखत

जागा : कोथरूड, आजीची खोली. रविवार दुपार. 1961 साली पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आजी बारा वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. ध्वनिमुद्रण चालू करण्याआधी तिला सांगितलं होतं, नको वाटलं तर नुसता हात वर कर, मी बंद करीन. बोलणं तिच्याच शब्दांत उतरवलं आहे.

मी : आजी, तुमचा वाडा कसा होता? डोळ्यांपुढे येईल तसं सांग.

आजी : वाडा म्हणजे काय, पांढऱ्या मातीचा, लाकडी खांबांचा. आम्ही खाली दोन खोल्यांत. चौकात आड. वर मालक. बाकी सगळं नेहमीचंच.

मी : नेहमीचं म्हणजे?

आजी : अगं, आईची कोठी. उन्हाळ्यात वर्षाचं भरायची. गहू, तांदूळ, तूरडाळ. फळीवर कुरडयांचे डबे. त्या वर्षी मी पहिल्यांदा कुरडयांचा चीक घोटला होता, हाताला फोड आले होते.

मी : मग 12 जुलैचा दिवस. कुठून आठवतो तुला?

आजी : सकाळपासून गल्लीत आरडाओरडा. धरण फुटलं, धरण फुटलं. दादा म्हणाले, अफवा आहे. नदीला पूर काय नवा होता? मग ते लकडी पुलाकडे बघायला गेले आणि पळतच आले. म्हणाले, अंगावरच्या कपड्यांनिशी निघा. आई कणीक मळत होती. ती परात घेऊनच निघाली.

मी : परात घेऊन?

आजी : हो, कणकेसकट. दागिन्यांची डबी राहिली कपाटात. पर्वतीच्या बाजूला माझे काका राहायचे, तिथवर चालत गेलो. रस्ताभर माणसं. कुणाच्या डोक्यावर शिवणयंत्र, कुणाच्या कडेवर म्हातारी. आईच्या हातात परात. काकांकडे पोचल्यावर तिनं त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या.

मी : परत गेलात तेव्हा काय दिसलं?

आजी : (बराच वेळ गप्प.) वाडा नव्हता. मातीच ती, भिजली आणि बसली. खांब तेवढे वाकडे उभे. आड गाळानं भरलेला. आणि वास. धान्य फुगून डब्यांची झाकणं उचलली होती. गव्हाला मोड आले होते. पलीकडच्या घरातल्या आजी निघायला तयार नव्हत्या, त्या...

(इथे मी काही विचारलं नाही. तिनं चष्मा पुसला.)

मी : थांबायचं का?

आजी : नको. त्या गेल्या. तेवढंच लिही.

मी : बरं. तुझी आई काय म्हणाली वाडा बघून?

आजी : काहीच नाही. पदर खोचला आणि गाळात हात घालून पितळी भांडी काढायला लागली.

मी : आणि नंतरचे दिवस?

आजी : हे कुणी विचारत नाही बघ. सगळ्यांना पाणी किती चढलं तेवढंच हवं असतं. नळ बंद, वीज नाही. पाणी कुठून कुठून भरून आणायचं. पण त्याचं काही नाही. काकांकडे आम्ही सहा महिने राहिलो.

मी : ते सहा महिने कसे होते?

आजी : चांगलेच होते गं. काकू वाईट नव्हती.

मी : हं.

(मुद्दामच पुढचा प्रश्न टाकला नाही.)

आजी : पण आई स्वतःच्या ताटात कमी वाढून घ्यायची. दुसऱ्यांदा भात मागितला की माझ्याकडे अशी बघायची की मी हात मागे घ्यायची. आपल्या कोठीत वर्षाचं धान्य होतं, आणि तिला तांदूळ मागून घ्यावा लागायचा. ते मला त्या पाण्यापेक्षा जास्त लागलं.

मी : तिच्याशी कधी बोललीस यावर?

आजी : नाही. गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी पत्र्याचे अर्धगोल निस्सन हट बांधले होते, तिथे आम्हाला जागा मिळाली. उन्हाळ्यात भट्टी नुसती. पण आत शिरल्याबरोबर आईनं काय केलं माहितीये? चूल मांडायच्या आधी एक डबा घासला आणि पायलीभर तांदूळ भरला. मग मला म्हणाली, आज पोटभर खा.

मी : तुला काय वाटलं तेव्हा?

आजी : मी खूप खाल्लं. पोट दुखेपर्यंत. ती बघत बसली होती.

मी : मी विचारलं नाही, पण सांगावंसं वाटतं असं काही?

आजी : दादांच्या दुकानाच्या वह्या भिजल्या, उधारी बुडाली. तरी काहीजण आपणहून येऊन पैसे देऊन गेले. वहीत नाव राहिलं नव्हतं, कोण विचारणार होतं त्यांना? ते राहू दे लिहिलेलं.

मी : आणि यातलं काही वगळायचं आहे? घरातले सगळे वाचतील.

आजी : काकूचं. तिची मुलं आहेत, त्यांना वाईट वाटेल.

मी : मग ते ताटाचं आणि भाताचं काढून टाकू?

आजी : (विचार करून) नाही, ते ठेव. फक्त वर लिही, काकूनं आम्हाला सहा महिने सांभाळलं, एकदाही निघा म्हणाली नाही. ते आधी लिही, मग बाकीचं.

मी : लिहिते. पुढच्या रविवारी येऊ? शाळेचं राहिलंय.

आजी : ये. सकाळी ये, दुपारी मला झोप येते.