बंबाचं पाणी

पहाटे सहाला दहा कमी असताना लाइट गेली. मानसी केस विंचरत होती. कसाबसा अंबाडा घालून ती मोबाइलच्या उजेडात जिना उतरली. काल रात्रीच महाबळेश्वरला येऊन तिने हॉटेलचा ताबा घेतला होता. 28 खोल्या, त्यांतल्या 19 भरलेल्या, आणि बाहेर जुलैचा पाऊस.

"जनरेटर?"

"नुसतं टक टक करतोय, मॅडम," रात्रपाळीचा गणेश म्हणाला. "बॅटरी उतरलीय."

मानसी आधी लिफ्टकडे धावली. तिन्ही मजल्यांवर दार ठोठावून हाका मारल्या. आत कुणी नव्हतं. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

हळूहळू लोक खाली येऊ लागले. शालीत गुंडाळलेले, कानटोपी घातलेले, कुणाच्या कडेवर झोपाळू मूल. धुकं दाराच्या फटीतून थेट लॉबीत शिरत होतं. जो तो एकच विचारत होता, आणि मानसी प्रत्येकाला सांगत होती, "दहा मिनिटांत येईल." पुण्यात सात वर्षं रिसेप्शनवर काढल्यावर हे वाक्य आपोआप तोंडात येतं.

साडेसहाला एक काका काउंटरशी आले. "मॅडम, तुम्ही दहा मिनिटं म्हणालात म्हणून मी इन्शुलिन घेऊन बसलो. आता वीस मिनिटं झाली. नाश्ता कधी?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांच्या पत्नीचा हात मात्र त्यांच्या दंडावर घट्ट होता. मानसीच्या पोटात खड्डा पडला. तिने काउंटरखालचा बिस्किटांचा पुडा फोडून त्यांच्या हातात दिला, गणेशला केळी आणायला पिटाळलं आणि स्वयंपाकघरात गेली.

"गॅस आहे, पण धूर ओढायचा पंखा बंद," आचारी म्हणाला. "कढई तापवली की कोंडतंय."

"मागची दोन्ही दारं उघडा. पाऊस आत आला तर येऊ दे. फोडणी एकदाच करा, पोहे सगळ्यांना तेच. पहिली बशी त्या काकांना."

मग तिने वायरमनला फोन लावला. पलीकडे करवतीचा आवाज येत होता. "वेण्णा लेकच्या अलीकडे झाड पडलंय लाइनवर. धुक्यात समोरचा माणूस दिसंना. दोन तास लागतील, नाहीतर चार. खोटं कशाला सांगू?"

मानसी लॉबीत आली. रोजचा मेनू लिहायचा पांढरा फळा तिने पुसला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'लाइनवर झाड पडलं आहे. लाइट कधी येईल, सांगता येत नाही. चहा आणि पोहे मिळतील.' मग सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "मघाशी मी दहा मिनिटं म्हणाले, ते मला माहीत नसताना म्हणाले. माफ करा."

कुणी काही बोललं नाही. कोपऱ्यातल्या आजींनी तेवढं विचारलं, "आणि आंघोळीचं पाणी, बाळ? क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं दर्शन घ्यायचंय. पारोशानं कशी जाऊ?"

जनरेटर चालला असता तरी त्याच्यावर पंप आणि लॉबीचे दिवे एवढंच होतं, गीझर नव्हते. मानसीला उत्तर सुचेना. दाराशी निथळत्या घोंगडीत उभे असलेले सखारामकाका खाकरले. "मागं तांब्याचा बंब हाय. आम्ही वापरतो. लाकडं मे महिन्यातच पडवीत रचून ठेवलीत, कोरडी हायेत."

"पेटवा, काका."

तिने फळ्यावर ओळ वाढवली: 'गरम पाणी बंबातून, बादलीने. आधी आजी-आजोबा आणि लहान मुलं.'

त्यानंतरचा तास तिला नीट आठवत नाही. ड्रायव्हरने बोलेरो जनरेटरच्या खोलीशी लावून गाडीच्या बॅटरीला केबल जोडल्या, तिसऱ्या झटक्याला इंजिनाने धूर ओकला आणि टाकीत पाणी चढू लागलं. नाशिकहून आलेले दोन तरुण न सांगता बादल्या उचलून जिन्याने चढले. इन्शुलिनवाल्या काकांनी पोहे संपवले आणि फळ्याखाली खुर्ची ओढून ते पाण्याची पाळी सांगू लागले: "खोली सात, या. खोली बारा, तुमच्यानंतर."

आजी न्हाऊन, नऊवारी नेसून खाली आल्या. पाण्याला लाकडाच्या धुराचा वास होता म्हणाल्या, माहेरच्या न्हाणीघरातल्यासारखा. मग मानसीच्या कपाळाकडे पाहून त्यांनी पदराने तिथली काजळी पुसली.

आठ वाजले. लाइट आली नव्हती. मानसीने पुन्हा वायरमनला फोन केला.

"मॅडम, अजून अर्धं खोड बाकी हाय."

"ते नाही विचारत. किती जण आहात तुम्ही?"

"पाच. का?"

तिने मोठा थर्मास चहाने भरला, पोह्यांचा डबा फडक्यात बांधला आणि ड्रायव्हरला हाक मारली. "धुक्यात सावकाश जा. आणि डबा त्यांच्या हातातच द्या, गाडीतून नुसता ठेवून येऊ नका."