कातळ ते जंगल : परिसंस्थीय अनुक्रमण

इयत्ता नववी, पर्यावरणशास्त्र. वेताळ टेकडीच्या सहलीआधी वाचायचा पाठ.

पुढच्या शनिवारी आपण वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीपाशी जाणार आहोत. तिथे उभ्या कापलेल्या भिंती दिसतील, काळ्याभोर आणि जवळजवळ उघड्या. तिथून हाकेच्या अंतरावर कुसळी गवत आहे, हिवर आहे, पळस आहे. दगड मात्र दोन्हीकडे एकच : बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला आणि आपलं अख्खं पुणे त्याच्यावरच वसलेलं आहे. दगड एक, पाऊस एक, ऊनही एकच. मग एकीकडे झाडं आणि दुसरीकडे नुसती भिंत, असं का? कारण खाणीतून दगडाबरोबर मातीही गेली. म्हणून या पाठात झाडांपेक्षा मातीबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

कातळावर काय नसतं

एप्रिलच्या दुपारी उघड्या कातळावर हात ठेवून बघा, चटका बसतो. जुलैत त्याच कातळावर पाणी पडतं आणि काही मिनिटांत वाहून जातं. मुळं रोवायला जागा नाही, ओल धरून ठेवणारं काही नाही.

याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आहे, थोडं फॉस्फरसही आहे, पण नायट्रोजन जवळजवळ नाहीच. प्रथिनं बनवायला प्रत्येक सजीवाला नायट्रोजन लागतो. हवेत तो ७८ टक्के आहे, तरी वनस्पतींना तो थेट हवेतून घेता येत नाही. म्हणजे कातळावर जंगल यायचं तर कुणीतरी दगड फोडायला हवा आणि कुणीतरी हवेतला नायट्रोजन खाली आणायला हवा. ही दोन्ही कामं करणारे जीव इतके लहान असतात की आपण त्यांच्यावर पाय ठेवून पुढे जातो.

पहिले रहिवासी

गोड्या मसाल्यातलं दगडफूल तुमच्या घरात असेलच. ते एक शैवाक आहे. शैवाक म्हणजे एकटा जीव नव्हे. त्यात कवक आणि शैवाल एकत्र राहतात : शैवाल प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतं, कवक त्याला आधार देतं आणि ओल टिकवतं. काही शैवाकांमध्ये शैवालाच्या जागी नील-हरित जिवाणू असतात. ते हवेतला नायट्रोजन स्थिर करतात, म्हणजे वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणतात. मसाल्यातलं दगडफूल पानासारखं पसरट असतं. उघड्या कातळावर आधी दिसतात ते खपलीसारखे, दगडाला घट्ट चिकटलेले राखाडी, पिवळसर किंवा नारिंगी डाग. रंग सांडलाय असं वाटून मुलं ते नखाने खरवडायला जातात. तसं करू नका. तळहाताएवढा डाग कदाचित तुमच्या आईबाबांपेक्षा वयाने मोठा असेल, कारण हे शैवाक बहुधा वर्षाला एखादा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात.

कडक उन्हाळ्यात शैवाक पूर्ण वाळतं. त्याचे जीवनव्यवहार जवळजवळ थांबतात, पण ते मरत नाही. पाऊस पडला की थोड्याच वेळात पुन्हा कामाला लागतं. ऑक्झॅलिक आम्लासारखी आम्लं त्यातून पाझरतात आणि दगडातली खनिजं हळूहळू सुटी करतात. कवकाचे तंतू बारीक भेगांत शिरतात. भिजून फुगणं, वाळून आकसणं या रोजच्या ताणाने दगडाचे कण सुटतात. भर म्हणून तापमानातले चढउतार आणि पाणी दगडाची झीज करतच असतात. सुटलेले कण, वाऱ्याने आणलेली धूळ आणि मेलेल्या शैवाकांचे अवशेष खळग्यांत साचतात. चिमूटभर असला तरी हा मातीचा पहिला थर आहे.

कातळावर सर्वांत आधी वस्ती करणाऱ्या अशा जीवांना अग्रणी प्रजाती म्हणतात. उन्हाळ्यात काळ्या दिसणाऱ्या आणि पहिल्या पावसानंतर हिरवट होणाऱ्या कंपाउंडच्या भिंती पाहिल्यात ना? त्यातही बरेचदा असे नील-हरित जिवाणू आणि शैवाल असतात. भिंत रंगवणाऱ्यांना त्यांचा वैताग येतो, पण विज्ञानाच्या दृष्टीने तिथे अनुक्रमणाची सुरुवात झालेली असते.

मग गवत, मग झुडपं

चिमूटभर मातीत मॉस रुजतं. त्याची दाट गादी पाणी धरून ठेवते, धूळ अडवते, आणि मेल्यावर तिथेच कुजते. थर थोडा जाड झाला की भेगांमध्ये नेचे येतात, पावसाळी रोपटी येतात. मोरशिखा नावाचा छोटासा नेचा दगडी कपारीत सापडतो. त्याचं पातं मोराच्या तुऱ्यासारखं असतं, शनिवारी नक्की शोधा.

गवत आलं की वेग वाढतो. गवताच्या तंतुमय मुळांचं जाळं माती घट्ट बांधून ठेवतं, आणि मुळं दरवर्षी अंशतः मरून मातीत कुथित पदार्थ मिसळतात. मुंग्या, वाळवी, गांडुळं येतात आणि माती वरखाली करतात. शेंगावर्गीय रोपांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू नायट्रोजन स्थिर करतात. माती वीतभर खोल झाली की हेंकळ, बोर, करवंद यांसारखी काटेरी झुडपं तग धरतात. बुलबुलासारखे पक्षी फळं खातात आणि विष्ठेतून बिया टाकतात. जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो तो असाच. झुडपाच्या काट्यांत एखादं झाडाचं रोप सापडलं तर शेळ्यांच्या तोंडून वाचतं, शिवाय त्याला सावलीही मिळते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. परीक्षेत टप्पे पाठ करून लिहिणारे बरेच असतात, पण हे कळलेले थोडे. प्रत्येक टप्प्यातले सजीव राहता राहता जागाच बदलून टाकतात, आणि बदललेली जागा त्यांच्यापेक्षा पुढच्यांना जास्त सोयीची ठरते. शैवाकाने माती केली, त्या मातीत मॉस आलं आणि त्याने शैवाकाला झाकून टाकलं. गवताने माती खोल केली, तिच्यात झाडं आली आणि त्यांच्या सावलीत ऊन आवडणारं गवत मागे हटलं. एखाद्या ठिकाणच्या सजीवांचा समुदाय काळानुसार असा बदलत जाणं म्हणजे परिसंस्थीय अनुक्रमण. माती नसलेल्या जागेवर ते सुरू झालं तर त्याला प्राथमिक अनुक्रमण म्हणतात.

किती वर्षं लागतात?

एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. पण सगळीकडे एकच वेग नसतो. १८८३ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि उरलेलं बेट राखेखाली गाडलं गेलं. पुढच्या वर्षी तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना एक इवलासा कोळी सापडला. १८८६ मध्ये राखेवर नील-हरित जिवाणूंचा पातळ थर आणि भरपूर नेचे दिसले. पन्नासेक वर्षांत बेटाच्या बऱ्याच भागावर जंगल उभं होतं. राख भुसभुशीत होती, मुळं शिरायला अडचण नव्हती, आणि उष्ण प्रदेशातला मुबलक पाऊस होता.

याउलट आइसलँडजवळचं सर्टसी बेट. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये ते समुद्रातून वर आलं. १९६५ मध्ये किनाऱ्यावर पहिली सपुष्प वनस्पती आढळली, पण पहिलं झुडूप सापडायला १९९८ उजाडलं. १९८६ च्या सुमारास समुद्रपक्ष्यांनी तिथे मोठी वसाहत केली. त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळाला आणि त्याच भागात हिरवळ झपाट्याने वाढली. तिथे संशोधकांखेरीज कुणाला पाऊल ठेवायची परवानगी नाही, नाहीतर आपल्या बुटांना चिकटलेल्या बियाच तिथे उगवायच्या.

माती आधीच असेल तर

वणव्याने जळलेला डोंगरउतार किंवा पडीक सोडलेलं शेत घ्या. झाडं गेली तरी माती आहे, तिच्यात बिया आहेत, खोडं आणि मुळं जिवंत आहेत. पहिल्याच पावसात गवत येतं, मग झुडपं. शैवाकांची वाट पाहावी लागत नाही. हे द्वितीयक अनुक्रमण, आणि ते प्राथमिकपेक्षा कितीतरी वेगाने होतं.

प्रत्येक कातळाचं जंगल होतंच का?

अनुक्रमणाच्या शेवटी येणाऱ्या, बराच काळ टिकणाऱ्या समुदायाला चरम समुदाय म्हणतात. १९१६ साली अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी मांडलं की प्रत्येक हवामानाचा एक ठरलेला चरम समुदाय असतो. दहा वर्षांनी हेन्री ग्लिसन यांनी याला आक्षेप घेतला. कुठल्या बिया पोहोचल्या, कोण टिकलं, यात योगायोगाचा मोठा वाटा असतो, असं त्यांचं म्हणणं. आज शास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांच्याइतकं ठाम बोलत नाहीत. मलाही ग्लिसन जास्त पटतात.

आपल्या आसपासच बघा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, ताम्हिणी घाटात त्याच्या कितीतरी पट. दगड तोच असला तरी ताम्हिणीत दाट निमसदाहरित जंगल आहे. पुण्याच्या टेकड्यांवर साळई, धावडा, मोई अशी पानगळीची झाडं आणि त्यांच्यामध्ये गवत. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर तर भरपूर पाऊस पडूनही जंगल नाही. जांभ्यावरचा मातीचा थर तिथे अगदी पातळ आहे, पावसाळ्यात पाणी साचतं आणि नंतर सगळं कोरडंठाक होतं. नायट्रोजन इतका कमी की सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती कीटक पकडून तो मिळवतात. तो सडा अर्धवट राहिलेलं जंगल नाही, तो सडाच आहे.

गवताळ टेकडी दिसली की ‘ओसाड’ म्हणून तिथे खड्डे खणायची आपल्याला फार घाई असते. पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणावर लावलेलं गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. ते झटपट वाढतं, नायट्रोजनही स्थिर करतं, आणि त्याच्या दाट लागवडीखाली कुसळी, मारवेल ही गवतं फारशी उरत नाहीत. हिरवं दिसतं खरं, पण गवतात घरटी करणाऱ्या चंडोलांना त्याचा उपयोग नाही.

शनिवारी काय करायचं

चौघांचा गट करा. दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचे चौकोन तीन ठिकाणी आखा : खाणीच्या तळाशी, वरच्या उघड्या कातळावर, आणि गवत असलेल्या जागी. प्रत्येक चौकोनात शैवाकाचे किती प्रकार आहेत, मॉस आहे का, किती प्रकारची रोपं आहेत, ते लिहा. मातीची खोली बारीक काडी घालून मोजा. नावं येत नसतील तर चित्र काढा, मला दाखवा. काहीही उपटायचं नाही, आणि खाणीच्या कडेपासून लांब राहायचं.

विचार करून लिहा

१. नायट्रोजन स्थिर करणारे जीव कातळावर आलेच नाहीत, तर अनुक्रमण कुठे अडेल?

२. क्राकाटोआ आणि सर्टसी यांच्या वेगात एवढा फरक का पडला? निदान दोन कारणं द्या.

३. खाणीच्या तळावर ट्रकभर माती आणून टाकली आणि रोपं लावली. याला प्राथमिक अनुक्रमण म्हणाल, द्वितीयक म्हणाल, की अनुक्रमणच म्हणणार नाही? तुमच्या गटात एकमत झालं नाही तर दोन्ही बाजू लिहा.